रिकामा रकाना : गर्भावस्थेतली दारू आणि मुलाची उंची



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मी शिकाऊ म्हणून गेले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक लाकडी फळी दिली. तिच्या एका टोकाला उभी पट्टी पक्की बसवलेली, दुसऱ्या टोकाची पट्टी पुढेमागे सरकणारी. बाळाला फळीवर उताणं निजवायचं. एकानं दोन्ही तळहातांनी डोकं धरून पक्क्या पट्टीला टेकवायचं. दुसऱ्यानं गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना भिडवायची. बाळ आक्रसतं, रडतं, पाय ओढून घेतं. एकट्याच्यानं हे होत नाही. वजनाचं तसं नाही. काट्यात ठेवलं की आकडा दिसतो.

म्हणून आपल्याकडे जन्माच्या कागदावर वजन नेहमी असतं आणि लांबीचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो. कधी त्यात सवयीनं 50 लिहिलेलं असतं. दहा बाळांच्या कागदांवर दहाही वेळा बरोबर 50 दिसलं, तर ती फळीवर मोजलेली नाहीत हे कुणीही ओळखावं. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण याच रकान्यात हरवते.

विषय आहे, आईनं गरोदरपणात घेतलेल्या दारूचा मुलाच्या वाढीवर, विशेषतः उंचीवर, होणारा कायमचा परिणाम.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेतल्या सिएटल शहरातून करते. 1970 च्या आसपास ख्रिस्टी उल्लेलँड नावाची एक तरुण डॉक्टर तिथे बालरोगशास्त्राचं शिक्षण घेत होती. वजन-उंची वाढत नाही म्हणून दाखल झालेली बाळं तिच्याकडे येत. त्यांच्या कागदपत्रांतून तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. यातल्या बऱ्याच बाळांच्या आया दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या होत्या. तिनं ते 1972 साली लिहून प्रसिद्ध केलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड स्मिथ आणि केनेथ लायन्स जोन्स हे जन्मजात व्यंगांचे जाणकार. त्यांनी अशा आयांची आठ मुलं एकत्र तपासली. त्यातल्या चौघांचे चेहरे एकमेकांसारखे होते. डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची पन्हळ जवळजवळ सपाट, वरचा ओठ पातळ रेघेसारखा. मुलं तीन वेगवेगळ्या वंशांची होती, एकमेकांच्या नात्यातली नव्हती, तरी भावंडं वाटावीत अशी. 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी या अवस्थेला नाव दिलं : फीटल अल्कोहोल सिंड्रोम. आपण गर्भ-मद्य लक्षणसमूह म्हणू.

इथे एक न्याय करायला हवा. फ्रान्समधल्या नान्त शहरात पॉल लेमवान या डॉक्टरांनी 1968 सालीच 127 मुलांवरून हेच चित्र मांडलं होतं. ते फ्रेंचमध्ये, एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं आणि फारसं कुणी वाचलं नाही. प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जिव्हारी लागते.

सिएटलच्या लेखातला चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या मते त्यातला खरा मोलाचा भाग वाढीचा आहे, आणि तो बहुतेकांनी वरवर वाचला. जोन्स आणि स्मिथ यांनी लिहिलं होतं की या बाळांची जन्मावेळची लांबी त्यांच्या वजनापेक्षाही जास्त मागे होती. हे उलटं आहे. गरोदर बाईला पोटभर मिळालं नाही, तर शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी साठत नाही. बाळ हडकुळं होतं, पण लांबी बरीचशी टिकते. म्हणजे उपाशी गर्भ बारीक होतो. दारूतला गर्भ आखूड होतो, त्याचं डोकंही लहान राहतं. हा फरक जन्मल्या दिवशी फळीवर दिसू शकतो. लांबी मोजलीच नाही, तर कागदावर राहतं फक्त 'वजन कमी'. मग पुढची पाच वर्षं सगळे त्या मुलाला खाऊ घालण्याच्या मागे लागतात.

दुसरी नोंद आणखी ठोस होती. पहिल्या वर्षात या मुलांची लांबी वाढण्याचा वेग सरासरी मुलाच्या 65 टक्के होता आणि वजन वाढण्याचा वेग फक्त 38 टक्के. बहुतेक मुलांना या ना त्या कारणानं दवाखान्यात किंवा पालक-कुटुंबात ठेवलं गेलं होतं. तिथे खाणं होतं, देखभाल होती. तरी मागे पडलेलं अंतर त्यांनी भरून काढलं नाही. एरवी कमी वाढीची जन्मलेली दहातली आठ-नऊ मुलं दोन वर्षांच्या आत भराभर वाढून आपल्या जागी येतात. बाळाच्या शरीरात ही ओढ असते. दाबलेली स्प्रिंग सोडावी तशी. या मुलांत ती ओढच दिसली नाही.

असं का व्हावं?

दारूचा रेणू अगदी लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा. वार त्याला अडवत नाही. आईच्या रक्तात जितकी दारू, तितकीच थोड्या वेळात गर्भाच्या रक्तात. ती मोडणारं रसायन गर्भाच्या कोवळ्या यकृतात जेमतेमच असतं, म्हणून गर्भाला ती परत आईकडेच पाठवावी लागते. शिवाय काही दारू गर्भजलात उतरते. बाळ ते गर्भजल गिळतं, त्यातच लघवी करतं आणि पुन्हा गिळतं. आईचं रक्त स्वच्छ झालं तरी ही साठवण मागे राहते.

एक हिशेब करून दाखवते. आपल्या बाजारातल्या व्हिस्कीच्या 180 मिलीच्या बाटलीवर, जिला सगळे क्वार्टर म्हणतात, 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 77 मिली शुद्ध मद्यार्क, वजनात सुमारे 61 ग्रॅम. 55 किलो वजनाच्या बाईनं हे दोन तासांत घेतलं, तर तिच्या रक्तात दर 100 मिलीमागे साधारण 170 मिलिग्रॅमपर्यंत दारू चढते. आपल्याकडे वाहन चालवायची मर्यादा 30 आहे. यकृत तासाला पंधराएक मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे रात्री अकराला हे शिखर गाठलं, तर सकाळी दहापर्यंत रक्तात दारू आहे, आणि तितका वेळ तरी गर्भातही आहे. ती ताडी होती, मोहाची होती, फेणी होती की महागडी वाइन, हे गर्भाला ठाऊक नसतं. त्याच्यापर्यंत पोचतो तो एकच रेणू. एकाच बैठकीत खूप घेतली, की शिखर उंच जातं आणि घातही मोठा होतो. आठवड्याची बेरीज सारखी असली तरी.

हा रेणू वाढ कशी रोखतो? एक वाट वारेतून जाते. वारेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आईकडून अमिनो आम्लं, जस्त यांसारखा माल कमी पोचतो. दुसरी वाट जास्त खोल आहे. गर्भात वाढ म्हणजे मुख्यतः पेशींची संख्या वाढणं. दारू पेशींचं विभाजन मंदावते, काही पेशी मारून टाकते. ज्याच्या पेशींचा आकार लहान राहिला, त्याला नंतर खाऊन भर घालता येते. ज्याच्या पेशींची गणतीच कमी पडली, त्याला भर घालायला जागा कमी. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते. तिच्यात पेशींच्या रांगा लागतात आणि हाड लांबत जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भातल्या दारूमुळे या चकतीच्या थरांची मांडणी बिघडलेली आणि हाड पक्कं होण्याची क्रिया मागे पडलेली दिसली आहे. उलट, 1970 च्या दशकात या मुलांचं वाढीचं संप्रेरक तपासलं, तेव्हा ते बहुधा व्यवस्थित निघालं. संदेश पाठवणारा ठीक आहे, ऐकणारं शरीरच तोकडं घडलेलं आहे.

आता एक मुलगी तुमच्यासमोर उभी करते. ती कुणी एक नाही. अनेक कागदपत्रं वाचून, अनेक मुलं पाहून मी तिला जुळवलं आहे. आकडे मात्र जसे खरे असतात तसेच ठेवले आहेत.

आई-वडील दोघं नोकरदार, शहरात राहणारे. आईची उंची 154 सेंटिमीटर, वडिलांची 168. मुलीची अपेक्षित उंची काढायची, तर दोन्हींची बेरीज करून 13 वजा करायचे आणि दोनांनी भागायचं. उत्तर 154.5. आठेक सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं. 39 आठवडे पुरे करून मुलगी जन्मली. वजन 2.2 किलो. लांबी मोजली 43.5, डोक्याचा घेर 31. या वयाच्या मुलींची मधली लांबी 49 आणि डोकं 34 च्या जवळ. म्हणजे वजन कमी आहे, पण लांबी त्याहून खाली गेलेली आहे. सोनोग्राफीच्या कागदावर 'वाढ मागे' असा शेरा होता आणि खाली सल्ला : प्रथिनं वाढवा, डाव्या कुशीवर झोपा.

बाळ दूध ओढताना दमायचं, मध्येच झोपायचं. एका वर्षाला लांबी 66, मधला आकडा 74. आजी म्हणाली, आमच्याकडे सगळे ठेंगणेच. शेजारीण म्हणाली, वरचं दूध सुरू करा. नाचणीसत्त्व झालं, टॉनिकं झाली, जंताचं औषध दोनदा झालं. पाचव्या वर्षी उंची 98, वजन 13.2. खालची रेघ, जिच्याखाली शंभरातली दोन-तीनच मुलं असतात, ती शंभरच्या जवळून जाते. मुलगी त्या रेघेच्या खाली आहे. पण महत्त्वाचं हे की ती रेघेला समांतर चालली आहे. तक्त्यावर तिचे बिंदू जोडले की दिसतं, ही रेघ कुठे कोसळली नाही आणि कुठे वर चढलीही नाही. थायरॉइड बिघडलं की रेघ चालता चालता आडवी होते. आतड्याच्या आजारात आधी वजन ढासळतं, मग उंची. इथे जन्मापासूनच एक अंतर आहे आणि ते अंतर तसंच चाललं आहे. ज्याचं कारण जन्माआधी घडून गेलं, त्याची रेघ अशी असते.

तपासण्या मात्र कराव्याच लागतात. बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोम नाही ना हे पाहायला गुणसूत्रं तपासायची. थायरॉइड बघायचं, गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिॲकची रक्ततपासणी करायची, रक्तातलं लोह पाहायचं. आईला गरोदरपणी फिट्सची औषधं चालू होती का, हेही विचारायचं. कारण काही औषधांनीही ओठ-नाक असंच दिसतं. या मुलीच्या बाबतीत सगळं ठीक निघालं. मग चेहरा नीट पाहिला. नाकाखालची पन्हळ सपाट, ओठाची कड पातळ. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पारदर्शक पट्टीनं मोजलं, तर फट आखूड. डोक्याचा घेर अजून खालच्या रेघेखाली. बालवाडीच्या बाईंची तक्रार वेगळीच : बडबड छान करते, पण दोन गोष्टी एकदम सांगितल्या की दुसरी विसरते.

आईनं तिसऱ्या भेटीत सांगितलं. लग्नाआधीपासून रोज रात्री घ्यायची. दिवस गेलेत हे तिसऱ्या महिन्यात कळलं, तेव्हा कमी केली, बंद झाली नाही. कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दोन भेटींत मीही विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, 'सवयी काही?' आणि ती 'नाही' म्हणाली होती. हा प्रश्नच चुकीचा होता, त्याच्याकडे शेवटी येते.

पुढे काय होतं? याचं उत्तर सिएटलकरांनीच दिलं. ॲन स्ट्रायसगूथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही मुलं सोडली नाहीत. पहिल्या अकरा मुलांचा शोध त्यांनी दहा वर्षांनी घेतला. दोघं मरण पावली होती, एक सापडलं नाही. उरलेली आठही मुलं वाढीत मागेच होती. 1991 मध्ये त्यांनी 61 किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांचा अहवाल दिला. त्यात एक वेगळी गोष्ट दिसली. वयात येताना वजन सरासरीच्या जवळ येतं, विशेषतः मुलींचं. चेहऱ्याच्या खुणाही पुसट होतात, नाक वाढतं, हनुवटी पुढे येते. उंची आणि डोक्याचा घेर मात्र मागेच राहतात. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक 68 होता. बर्लिनमध्ये हान्स-लुडविग श्पोर यांनीही अशी मुलं वर्षानुवर्षं पाहिली आणि तिथेही चेहरा निवळला, लहान डोकं आणि काही प्रमाणात बुटकेपण उरलं.

म्हणून माझ्या जुळवलेल्या मुलीचं सोळाव्या वर्षी असं होईल : उंची 145, वजन 48. अपेक्षित उंचीपेक्षा साडेनऊ सेंटिमीटर कमी. अंगानं भरलेली, चेहऱ्यानं चारचौघींसारखी. आता तिला पाहून कुणी डॉक्टर हे निदान करणार नाही. दहावी नापास झाली, तर म्हणतील आळशी आहे. जिच्या शरीरावर हे निदान सहाव्या वर्षी लिहिलेलं होतं, तिच्या अंगावरून ते सोळाव्या वर्षी जवळजवळ पुसलं गेलेलं असतं. राहते फक्त उंची, आणि उंचीबद्दल आपण म्हणतो, घराणं.

उंची चाळणीसारखी कशी उपयोगी पडते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसलं. केपटाउनजवळच्या द्राक्षमळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मजुरीचा काही भाग वाइनमध्ये दिला जाई. त्या पद्धतीला 'डॉप' म्हणत. कायद्यानं ती बंद झाली, तरी मळ्यांवर दीर्घकाळ चालत राहिली, आणि ती संपल्यावरही आठवडाअखेरची दारू राहिली. 1997 मध्ये फिलिप मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका भागातल्या पहिलीच्या वर्गांत जाऊन मुलांची उंची, वजन आणि डोकं मोजलं. शंभरात खालच्या दहांत जी आली, त्यांनाच पुढे तज्ज्ञांकडे नीट तपासायला पाठवलं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत या लक्षणसमूहाचं प्रमाण हजारी 40 ते 46 निघालं. तोवर जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या आकड्यांपेक्षा ते जास्त होतं. त्या आयांच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. बारीक, कमी वजनाच्या, वयानं जरा मोठ्या, आधी बाळंतपणं झालेल्या बायकांच्या मुलांना जास्त फटका बसतो. तीच दारू लहान शरीरात जास्त चढते आणि पोटात अन्न कमी असेल, तर आणखी चढते.

ही चाळणी इथे आणली तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली निघाली. जिथे तीनातलं एक मूल बुटकं, तिथे उंचीची चाळणी लावून काय हाती लागणार? सगळं पोतंच चाळणीतून खाली पडतं. आपल्या राज्यात दारू पिणाऱ्या बायकांचं प्रमाण फार कमी आहे, म्हणून खुंटलेल्या मुलांतली अगदी थोडी या कारणाची असतील. ते खरंच आहे. मी कुणाही बुटक्या मुलाच्या आईकडे संशयानं पाहा असं सांगायला आलेले नाही. पण जी थोडी आहेत, ती या गर्दीत पूर्ण दिसेनाशी होतात. गर्दीतून त्यांना वेगळं करणाऱ्या दोन गोष्टी आहेत : जन्मावेळची लांबी आणि डोक्याचा घेर. आपल्या कुपोषित मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं दिसतं, कारण उपासमारीत शरीर मेंदूला शेवटपर्यंत जपतं. या मुलांत डोकंही मागे आहे.

आता दुसरी बाजूही सांगते. उंची हा पुरावा नाही. कॅनडातल्या तज्ज्ञांनी 2016 साली निदानाच्या निकषांतून वाढीचा निकष काढूनच टाकला. दारूचा मेंदूवर स्पष्ट परिणाम झालेली कितीतरी मुलं उंचीनं अगदी व्यवस्थित असतात आणि बुटकेपणाची इतर कारणं शंभर. हा निर्णय मला पटतो. उंची चांगली आहे म्हणून एखाद्या मुलाला मदत नाकारली जाऊ नये. पण निदानातून काढलं म्हणून मोजणंच सोडलं, असं होता कामा नये. माझ्या त्या जुळवलेल्या मुलीच्या बाबतीत दवाखान्याचं दार उंचीनंच उघडलं. शाळेतल्या विसराळूपणासाठी कुणी डॉक्टरकडे आणत नाही.

पुष्कळदा विचारतात, वडील पीत असतील तर? प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही परिणाम दिसतात. पण मी वर्णन केलेला चेहरा, वाढ आणि डोकं यांचा हा समूह गर्भापर्यंत पोचलेल्या दारूचा आहे, आणि तिथवरचा रस्ता आईच्या रक्तातून जातो. मात्र घरात बाटली कोण आणतं आणि 'एकानं काय होतंय' कोण म्हणतं, हे विचारल्याशिवाय केस पेपर पुरा होत नाही.

उपाय काय, हे आईनं विचारलं तेव्हा मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. खाण्यानं ही उंची परत येणार नाही, म्हणून जेवणावरून रोजची लढाई थांबवा. पण लोह कमी पडू देऊ नका. केपटाउनमधल्या एका पाहणीत गर्भात दारू लागलेल्या ज्या बाळांना पंडुरोगही होता, त्यांची वाढ इतरांपेक्षा जास्त मागे पडली होती. तिथेच दारू पिणाऱ्या गरोदर बायकांना कोलीन हे पोषकद्रव्य देऊन पाहिलं. त्यांची बाळं जन्मताना लहानच होती, पण पहिल्या वर्षात त्यांचं वजन आणि डोकं इतरांपेक्षा बरं वाढलं. हा एकच लहान प्रयोग आहे, त्यावर दुकानातून गोळ्या आणू नयेत. तिसरी गोष्ट वाढीच्या इंजेक्शनांची. गर्भात खुरटलेल्या आणि नंतरही न वाढलेल्या मुलांना ती दिली जातात, अमेरिकेत 2001 पासून त्याला मान्यता आहे. वर्षानुवर्षं रोज सुई, मोठा खर्च आणि त्यातून काही सेंटिमीटर. मेंदूला त्याचा उपयोग नाही. मी तिला म्हटलं, हे पैसे आणि ही वर्षं तिच्या शिकण्यासाठी ठेवा. एका वेळी एकच सूचना द्या, ती चित्रानं दाखवा, दिवसाचा क्रम बदलू नका आणि शाळेला हे निदान लेखी द्या.

तिनं आणखी एक विचारलं. 'तिसऱ्या महिन्यात पूर्ण थांबवली असती तर?'

याचं खरं उत्तर आहे आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. चेहऱ्याची घडण पहिल्या काही आठवड्यांत होते, ती परत आली नसती. पण वाढ हे शेवटच्या महिन्यांचं काम आहे. बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात हेन्री रोझेट आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकापासून खूप पिणाऱ्या गरोदर बायकांना रागावण्याऐवजी आधार देऊन थांबवायचा प्रयत्न केला. शेवटच्या तिमाहीआधी ज्यांनी सोडली किंवा पुष्कळ कमी केली, त्यांची बाळं न सोडणाऱ्यांच्या बाळांपेक्षा चांगली वाढलेली होती. त्याच्याही आधी, 1899 साली, लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी दारूबाज बायकांची नोंद ठेवली होती. आधीची मुलं दगावलेल्या काही बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तुरुंगात टाकलं गेलं आणि तिथे दारू मिळेना, तेव्हा त्यांना धडधाकट मुलं झाली. तुरुंगातलं जेवण काही मोठं पौष्टिक नव्हतं.

म्हणून सहाव्या महिन्यात आलेल्या बाईला 'आता काय उपयोग' असं म्हणू नये. उपयोग आहे. मात्र जी रोज भरपूर घेते, तिला घरी एकदम बंद करायला सांगू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. तिला दाखल करून, औषधांच्या आधारानं उतरवावं लागतं.

आणि विचारायचं कसं? 'सवयी काही?' याचं उत्तर 'नाही' हेच येणार. मी आता असं विचारते : 'दिवस गेलेत हे कळायच्या आधीचे दोन-तीन महिने आठवा. त्या दिवसांत कधी बिअर, वाइन, काही घेणं झालं होतं का? एका वेळी साधारण किती?' हे प्रत्येकीला विचारते, खेड्यातल्या, शहरातल्या, साडीतल्या, जीन्समधल्या, म्हणजे कुणालाच आपल्याला वेगळं काढलंय असं वाटत नाही. कळल्यानंतरचं नंतर विचारते. विचारताना नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवते. उत्तर आलं की पेन खाली ठेवते, आणि ती बोलायची थांबेपर्यंत उचलत नाही.

त्या मुलीची आई पाच वर्षांनी पुन्हा गरोदर राहिली. चौथ्या आठवड्यात आली, तेव्हा तिनंच सांगितलं की बंद करून चौदा महिने झालेत. बाळ झालं तेव्हा परिचारिकेनं वजन सांगितलं, दोन किलो नऊशे. मी फळी मागवली. डोकं मी धरलं, पाय परिचारिकेनं सरळ केले. 49.2. रकान्यात तो आकडा आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.